पुळी आठवड्याची, डाग सहा महिन्यांचा

बुधवारी सकाळी माझी भाची आरशाला नाक लावून उभी होती. हनुवटीवर तुरीच्या दाण्याएवढी लाल, ठणकणारी पुळी आणि रविवारी मैत्रिणीचं लग्न. दोन्ही बोटं पुळीच्या दोन बाजूंना टेकलेली. "मावशी, एकदाच दाबते. घाण निघाली की बसेल."

मी तिचे हात धरून खाली घेतले. पुळी दाबली की घाण बाहेर येते, हे फार तर अर्धं खरं असतं. केस जिथून उगवतो त्या बारीक नळीत तेल आणि मृत पेशींचा बोळा अडकतो, तिथे जंतू वाढतात आणि पुळी सुजते. वरचं तोंड बंद आणि सुजेनं नळीची भिंत नाजूक झालेली. अशा वेळी दोन्हीकडून दाब दिला की भिंत आतल्या आत फुटते आणि तेल, जंतू, पू आजूबाजूच्या त्वचेत सांडतात. शरीर त्या घाणीवर तुटून पडतं. म्हणूनच संध्याकाळपर्यंत पुळी दुप्पट होते.

डागाचं मूळ या वाढलेल्या सुजेतच आहे. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी सूज आली की जास्त रंग तयार करतात, आणि आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीत त्या अधिकच तत्पर असतात. रंग वरच्या थरात राहिला तर काही महिन्यांत फिकट होतो. सूज खोल गेली तर तो खालच्या थरात झिरपतो आणि वर्ष उलटलं तरी हटत नाही. त्याच थरातले आधार देणारे तंतू नष्ट झाले तर खड्डा पडतो, आणि तो क्रीमनं भरून येत नाही.

"मग हे लावू?" तिनं पर्समधून पिंपल पॅच काढले. या पारदर्शक टिकल्या हायड्रोकोलॉइडच्या असतात. हा पदार्थ मुळात जखमांच्या पट्ट्यांसाठी वापरला जातो. तो ओलावा शोषून फुगतो आणि पांढरा होतो. तो पांढरेपणा म्हणजे सगळा पूच, असं मात्र नाही. नुसत्या पाण्यानंही टिकली पांढरी पडते. शिवाय पॅच शोषतो ते तोंडाशी आलेलं. बुधवारी तिच्या पुळीला तोंडच नव्हतं, त्यामुळे तेव्हा पॅच लावून फक्त तिची बोटं दूर राहिली असती. अर्थात, तेही थोडं नाही.

त्या रात्री तिनं चेहरा धुऊन कोरडा केला आणि २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल फक्त पुळीवर, पातळसं लावलं. ते जंतू मारतं. पाच किंवा दहा टक्क्यांचं जेल जास्त झोंबतं, पण त्या मानानं जास्त उपयोगी पडत नाही. उशीला जुना पांढरा अभ्रा घातला, कारण या औषधानं रंगीत कापडावर डाग उडतात. त्यावर पॅच लावला नाही. औषध झाकलं की कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. टूथपेस्ट आणि लिंबूही नको म्हटलं, त्यांनी जळजळ होते आणि जळजळीचाही काळा डाग पडतो. स्टेरॉइड मिसळलेली क्रीमं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय चेहऱ्याला लावूच नयेत.

शुक्रवारी पुळीवर पांढरं टोक दिसलं. आता पॅचची वेळ झाली होती. त्या रात्री जेल नाही, क्रीम नाही. चिकट बाजूला तेल लागलं की टिकली सुटते. झोपताना लावलेली टिकली सकाळी मधोमध दुधाळ झाली होती. कडेनं हळूच सोडवून तिनं दुसरी लावली. शनिवारी संध्याकाळी उंचवटा बसला आणि गुलाबी ठिपका उरला. रविवारी त्यावर थोडं कन्सीलर पुरलं. पुढे ती रोज न चुकता सनस्क्रीन लावत राहिली, कारण उन्हानं असे डाग गडद होतात. तीन आठवड्यांत ठिपका पुसट झाला.

प्रत्येक पुळी इतकी शहाणी नसते. तोंड न येणारी, खोलवर दुखणारी गाठ पॅचला दाद देत नाही. तिथे त्वचारोगतज्ज्ञ गाठीत स्टेरॉइडचं अगदी सौम्य इंजेक्शन देतात आणि सूज बहुधा दोन-तीन दिवसांत उतरते. प्रमाण चुकलं तर तिथे खळगा पडू शकतो, म्हणून हे काम त्यांच्याच हातचं. आणि दर महिन्याला चार-पाच पुळ्या येत असतील, तर एकेकीच्या मागे न धावता संपूर्ण चेहऱ्यावर उपचार घ्यावा लागतो.

भाचीच्या कपाळावर गेल्या दिवाळीत दाबलेल्या एका पुळीचा तपकिरी ठिपका अजून आहे. हनुवटीवर मात्र आता बोट ठेवूनही जागा सापडत नाही.