तारल्यांत तेल किती? शंभर ग्रॅम माशाचा हिशेब महिन्यागणिक बदलतो

वजन किंवा रक्तातील कोलेस्टेरॉल वाढले की आहारातील स्निग्धांश कमी करण्याचा सल्ला मिळतो. गोव्यातील मत्स्याहारी घरांत त्याचा अर्थ बहुधा ठरलेला असतो: बांगडे आणि तारले बंद, पापलेट किंवा लेपो चालू. बांगडा-तारली हे तेलकट मासे, पापलेट हा हलका मासा, अशी ही सर्वमान्य विभागणी आहे. ती निराधार नाही. पण शंभर ग्रॅम मांसामागे स्निग्धांश, प्रथिने आणि कॅलरी यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले, तर ती वाटते तितकी सरळही राहत नाही.

हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे तक्ते प्रसिद्ध केले आहेत. तिच्या जुन्या तक्त्यातील चार माशांचे आकडे पाहू. ते कच्च्या माशाच्या शंभर ग्रॅम खाण्याजोग्या मांसाचे आहेत.

| मासा | प्रथिने (ग्रॅम) | स्निग्धांश (ग्रॅम) | कॅलरी |
|---|---|---|---|
| पापलेट | 17.0 | 1.3 | 87 |
| बांगडा | 18.9 | 1.7 | 93 |
| तारली | 21.0 | 1.9 | 101 |
| हिलसा | 21.8 | 19.4 | 273 |

प्रथिने जवळपास तीच, फरक तेलाचा

हिलसा हा बंगालचा लाडका मासा. त्याची पापलेटशी तुलना केली की तेलकट आणि कमी तेलाच्या माशांतील मूळ फरक स्पष्ट होतो. प्रथिनांत पाच ग्रॅमांचेही अंतर नाही. स्निग्धांश मात्र सुमारे पंधरा पट आहे. पापलेटच्या शंभर ग्रॅम मांसात साधारण 78 ग्रॅम पाणी असते, तर हिलशात सुमारे 54 ग्रॅम. मासा लठ्ठ होतो तेव्हा त्याच्या मांसात तेल साठते आणि त्या प्रमाणात पाण्याचा वाटा घटतो. प्रथिनांना त्या मानाने फारसा धक्का लागत नाही. ‘तेलकट माशात प्रथिने कमी’ हा समज त्यामुळे टिकत नाही.

कॅलरींचा फरकही यातूनच येतो. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे चार कॅलरी मिळतात, एक ग्रॅम स्निग्धांशातून नऊ. पाण्यातून काहीच मिळत नाही. पाण्याची जागा तेलाने घेतली की शून्याच्या ठिकाणी नऊ येतात. हिलशाच्या 273 कॅलरींपैकी जवळजवळ 175 केवळ तेलाच्या आहेत. पापलेटमध्ये हा वाटा बाराच्या आसपास आहे. प्रथिने आणि स्निग्धांश यांची बेरीज करूनही तक्त्यातील आकड्यापेक्षा काही कॅलरी कमी भरतात. जुन्या पद्धतीत पाणी, प्रथिने, स्निग्धांश आणि क्षार वजा करून उरलेला अल्प भाग कर्बोदके म्हणून धरला जाई; त्या उरलेल्या कॅलरी तिथल्या आहेत.

मग तारली पापलेटच्या पंक्तीत कशी?

तक्त्यात खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. बांगडा आणि तारली हे तेलकट म्हणून ओळखले जाणारे मासे इथे पापलेटच्या शेजारी बसले आहेत. ज्या माशात दोन टक्क्यांहून कमी स्निग्धांश, तो कमी तेलाचा आणि ज्यात आठ टक्क्यांहून अधिक, तो तेलकट, अशी विभागणी मत्स्यशास्त्रात रूढ आहे. या मापाने 1.9 टक्क्यांची तारली कमी तेलाची ठरते. पण याच माशाचे इंग्रजी नाव ‘ऑइल सार्डिन’ आहे, आणि पश्चिम किनाऱ्यावर त्याच्यापासून तेल काढण्याचा धंदा पूर्वी चालत असे. दोन टक्के तेलाच्या माशावर असा धंदा उभा राहिला नसता.

तक्ता चुकीचा नाही, ओळखही चुकीची नाही. तारलीचे तेल वर्षभर एकसारखे नसते. पावसाळ्यात अरबी समुद्राच्या या किनाऱ्यालगत खोलवरचे थंड, पोषक द्रव्यांनी समृद्ध पाणी वर येते आणि त्यात सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची भरमसाट वाढ होते. तारली याच प्लवकांवर जगते. हा सुकाळ खाऊन तिच्या अंगावर तेल चढते आणि ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुमारास ती सर्वाधिक तेलकट असते. पुढे अंडी तयार होण्यासाठी हाच साठा खर्ची पडतो. पावसाळा हा तिच्या विणीचा हंगाम. त्याच्या तोंडाशी आणि विणीनंतर लगेच मासा रोडावलेला असतो. एकाच जातीच्या तारलीत स्निग्धांश दोन-तीन टक्क्यांपासून पंधरा टक्क्यांच्या पुढेपर्यंत हेलकावे खातो. बांगड्यातही चढउतार होतो. तक्त्यातील आकडा म्हणजे एखाद्या वेळी गोळा केलेल्या नमुन्याचे मोजमाप असते. रोडावलेला मासा तपासला गेला, तर तेलकट माशाची नोंदही कमी तेलाची होते.

एकाच माशाचे दोन हिशेब

हा फरक ताटात किती मोठा असतो, हे उदाहरणाने पाहता येईल. रोडावलेल्या तारलीच्या शंभर ग्रॅम मांसात 20 ग्रॅम प्रथिने आणि 2 ग्रॅम स्निग्धांश धरला, तर प्रथिनांच्या 80 आणि तेलाच्या 18 मिळून 98 कॅलरी होतात. नोव्हेंबरमधील पुष्ट तारलीत 18 ग्रॅम प्रथिने आणि 14 ग्रॅम स्निग्धांश धरला, तर 72 आणि 126 मिळून 198 कॅलरी होतात. नाव तेच, भाव कदाचित तोच. कॅलरी मात्र दुप्पट.

वीस ग्रॅम प्रथिने मिळवायची असतील, तर पहिल्या तारलीचे शंभर ग्रॅम मांस पुरते. दुसरीचे सुमारे 111 ग्रॅम लागते आणि त्याबरोबर जवळपास 220 कॅलरी पोटात जातात. मोजून खाणाऱ्याला हा फरक लक्षात घ्यावा लागतो. मात्र ज्या ओमेगा-3 मेदाम्लांसाठी मासे खाण्याची शिफारस केली जाते, ती याच तेलात असतात. पुष्ट तारली टाळणारा माणूस कॅलरींबरोबर तीही टाळतो. हृदयविकाराच्या प्रतिबंधासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन आठवड्यातून दोनदा मासे, आणि त्यातही तेलकट मासे, खाण्यास सुचवते.

बाजारात प्रयोगशाळा नसते, पण मासा स्वतः काही खुणा दाखवतो. पुष्ट तारलीचे पोट जाड आणि भरलेले असते. कापल्यावर पोटाच्या कडेला आणि कातडीखाली पांढुरका थर दिसतो. साफ करताना हात आणि सुरी तेलकट होतात. कढणात शिजवल्यावर वर तेलाचे डोळे तरंगतात. रोडावलेल्या माशाचे डोके अंगाच्या मानाने मोठे भासते, पोट चपटे असते आणि तव्यावर तो लवकर कोरडा पडतो. अंड्यांनी फुगलेले पोट मात्र फसवते. पोट मोठे असले तरी आत गाभोळी असेल, तर मांसातील तेल तिच्यासाठी खर्च झालेले असू शकते. म्हणून पोटाच्या आकारापेक्षा कातडीखालचा थर पाहावा.

शंभर ग्रॅम म्हणजे नेमके काय?

तक्ते वापरताना दोन ठिकाणी हमखास गफलत होते. पहिली वजनाची. तक्त्यातील शंभर ग्रॅम हे खाण्याजोगे मांस आहे, तराजूत तोललेला मासा नव्हे. डोके, आतडी, शेपूट आणि काटे वजा जाता बांगड्याचे साधारण निम्म्यापासून साठ टक्क्यांपर्यंत वजन मांस म्हणून उरते. 150 ग्रॅमच्या बांगड्यातून जेमतेम 75 ते 90 ग्रॅम मांस मिळते. अख्ख्या माशाचे वजन तक्त्याला लावले, तर प्रथिने आणि कॅलरी दोन्ही जवळजवळ दुप्पट दिसतात.

दुसरी गफलत कच्च्या-शिजलेल्याची. शिजताना माशातील पाणी निघून जाते, त्यामुळे शंभर ग्रॅम शिजलेल्या मांसात सारे काही अधिक दाट होते. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांत कॉड या कमी तेलाच्या माशाचे कच्चे मांस 82 कॅलरी आणि 17.8 ग्रॅम प्रथिने देते; तेच तेल न घालता भाजल्यावर 105 कॅलरी आणि 22.8 ग्रॅम. माशात काही भर पडली नाही, फक्त पाणी घटले. एका माशाचा कच्चा आकडा आणि दुसऱ्याचा शिजलेला आकडा शेजारी ठेवला, तर तुलना सुरू होण्याआधीच बिघडते.

तवा हिशेब उलटा करतो

शेवटचा मुद्दा स्वयंपाकघरातला. पापलेट रवा लावून तळले आणि शंभर ग्रॅम मांसामागे दहा ग्रॅम तेल शोषले गेले, तर मूळच्या 87 कॅलरींत 90 ची भर पडून आकडा 177 वर जातो. रव्याच्या कॅलरी त्यात धरलेल्या नाहीत. नोव्हेंबरची तारली चुलीवर किंवा जाळीवर नुसती भाजली, तर ती याच्या फार पुढे जात नाही. कमी तेलाचा मासा तळताना बाहेरचे तेल अधिक ओढतो, तर तेलकट माशाचे स्वतःचे तेलही काही प्रमाणात कढईत उतरते. हुमणात नारळाचे वाटण किती पडले, यावरही बरेच ठरते. नारळाचा स्निग्धांश माशाच्या तक्त्यात दिसत नाही.

1 जून ते 31 जुलैची यांत्रिक मासेमारीबंदी संपून बोटी पुन्हा समुद्रात उतरतात, तेव्हा बाजारात येणारी तारली आणि दिवाळीच्या सुमाराची तारली एकाच नावाने विकली जाते. पोषणाच्या दृष्टीने त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मोजून खाणाऱ्याने पहिलीसाठी तक्त्यातील 101 चा आकडा धरला तर फारशी चूक होणार नाही. दुसरीसाठी तो दुप्पट धरावा आणि तव्यावरचे तेल निम्मे करावे.