कॉलर माईकमधली खसखस: काय निघतं, काय निघत नाही

नागावच्या एका होमस्टेवाल्या ताईंनी रूमची माहिती सांगणारा दोन मिनिटांचा ऑडिओ पाठवला. स्टार्च केलेली कडक कॉटन साडी, माईक पदराला लावलेला. मग काय, हात हलला की खसखस आणि वायर ओढली गेली की 'धप्'.

दोन्ही आवाज वेगळे, म्हणून इलाजही वेगळा. 'धप्' बराचसा खालच्या पट्टीत असतो. Audacity मध्ये सगळा ऑडिओ सिलेक्ट करून High-Pass Filter लावा: Frequency 100, Roll-off 24 dB. बायकांचा आवाज साधारण याच्या वरच असतो, त्यामुळे बोलणं पातळ होत नाही. पुरुषाचा आवाज असेल तर 80 ठेवा.

खसखस मात्र बोलण्याच्याच पट्टीत पसरलेली असते. Noise Reduction इथे फारसं कामाचं नाही, ते पंख्यासारख्या एकसारख्या आवाजासाठी आहे. जास्त जोर लावलात तर ताई पाण्याखालून बोलतायत असं वाटेल! त्यापेक्षा दोन वाक्यांमधली खसखस सिलेक्ट करा आणि त्याच रेकॉर्डिंगमधला तेवढ्याच लांबीचा शांत तुकडा कॉपी करून तिथे पेस्ट करा. लांबी बदलली तर व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत. नुसतं म्यूटही करू नका, खोलीचा बारीक आवाज मध्येच तुटलेला कानाला लगेच कळतो.

आणि खसखस शब्दावरच आली तर? ताईंची नेमकी भाड्यावर आली होती. पंधराशे की पंचवीसशे, कळेना. असं वाक्य घासत बसण्यात अर्थ नाही. त्याच खोलीत परत बोलून घेतलं. यावेळी पदर मागे खोचलेला, माईक ब्लाउजच्या काठाला आणि वायरचा छोटा वळसा चिमट्याखाली दाबलेला, म्हणजे ओढ माईकपर्यंत पोचत नाही. नव्या वाक्यालाही तोच फिल्टर लावला आणि जुन्याच्या जागी बसवलं.