चार टक्क्यांचा शब्द आणि टोमॅटोची बाजारपेठ

2022 च्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची एक वेगळीच बैठक झाली. व्याजदर ठरवण्यासाठी ती नव्हतीच. सरकारला लिहायच्या पत्राचा मजकूर ठरवायचा होता: महागाई आवाक्यात का राहिली नाही, आता काय करणार आणि ती कधीपर्यंत खाली येईल. सलग तीन तिमाह्यांत किरकोळ महागाईची सरासरी सहा टक्क्यांच्या वर गेली, म्हणजे समिती अपयशी, असे कायदाच सांगतो. त्या वर्षी जानेवारी ते सप्टेंबर तेच घडले होते. ते पत्र लोकांपुढे मात्र आले नाही. प्रसिद्ध करण्याचे बंधन कायद्यात नाही.

महागाई लक्ष्याची चौकट समजून घ्यायला ही घटना व्याख्येपेक्षा जास्त उपयोगी पडते. न्यूझीलंडने 1990 मध्ये सुरू केलेली ही पद्धत भारतात ऊर्जित पटेल समितीच्या 2014 च्या अहवालानंतर आली आणि 2016 मध्ये रिझर्व्ह बँक कायद्यात दुरुस्ती होऊन पक्की झाली. लक्ष्य सरकार ठरवते, रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून. ते चार टक्के आहे, वरखाली दोन टक्क्यांची मुभा धरून. लक्ष्य गाठायचे कसे, हे सहा जणांची समिती ठरवते: तिघे बँकेचे, तिघे बाहेरचे; मते समसमान पडली तर गव्हर्नरांचे मत निर्णायक.

समितीच्या हातातले मुख्य हत्यार रेपो दर, म्हणजे बँकांना रिझर्व्ह बँकेकडून मिळणाऱ्या अल्पमुदतीच्या कर्जाचा दर. मे 2022 च्या सुरुवातीला तो चार टक्के होता. फेब्रुवारी 2023 पर्यंत साडेसहा झाला. रेपोशी जोडलेले वीस लाखांचे, वीस वर्षांचे गृहकर्ज सात टक्क्यांनी घेतलेल्या कुटुंबाचा हप्ता सुमारे साडेपंधरा हजार. अडीच टक्क्यांची वाढ पूर्ण लागू झाली आणि मुदत तीच ठेवली, तर तो साडेअठरा हजारांच्या वर जातो. तीन हजार रुपये घरखर्चातून कमी होतात, फ्रिज किंवा मोटारसायकल पुढच्या वर्षावर जाते, विक्रेत्याला भाव वाढवणे जड होते. मागणी आवळून महागाई उतरवण्याचा हा मार्ग आहे. तो लांबचा आहे आणि त्याचा परिणाम दिसायला बरेच महिने जातात.

आता जुलै 2023. टोमॅटो शंभरीपार गेला, काही शहरांत त्याहूनही बराच वर, आणि महागाई 7.44 टक्क्यांवर पोचली. आकडा आदल्या वर्षीसारखाच, पण समितीने दर हलवला नाही. का? कारण 2022 मध्ये अन्न व इंधन वगळून उरणारी गाभा महागाईही सहा टक्क्यांच्या वर होती. 2023 मध्ये ती पाचच्या आसपास उतरली होती. पहिल्या वेळी भाववाढ सगळीकडे झिरपली होती, दुसऱ्या वेळी भाजी मंडईतच अडकली होती. हप्ता वाढवल्याने टोमॅटोचे पीक लवकर येत नाही. ऑक्टोबरपर्यंत महागाई 4.87 टक्क्यांवर आली. मधल्या काळात सरकारने कांद्यावर 40 टक्के निर्यात शुल्क लावले आणि नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. महागाईचा हा भाग समितीच्या हातातला नाही, तो असा दुसरीकडून आवळला जातो, आणि त्याची किंमत शेतकरी मोजतो.

दीर्घोत्तरात विद्यार्थी फायदे एका बाजूला आणि मर्यादा दुसऱ्या बाजूला मांडतात. खरे तर दोन्ही एकाच मुळातून फुटतात. एक जाहीर आकडा असला की लोक आणि व्यापारी पुढच्या वर्षाच्या भाववाढीचा अंदाज त्याच्याभोवती बांधतात, पगार आणि भाडी त्यानुसार ठरतात, आणि चूक झाली की कोणाला विचारायचे तेही स्पष्ट असते. 2009 ते 2013 या काळात किरकोळ महागाई बहुतेक वेळ दहा टक्क्यांच्या घरात असताना असा आकडाच नव्हता. पण आकडा म्हणून निवडलेल्या 2012 आधारवर्षाच्या निर्देशांकात खाद्यपदार्थांचा वाटा जवळपास 46 टक्के होता. म्हणजे समितीला जाब विचारला जातो तो बऱ्याच अंशी पावसाबद्दल.

म्हणूनच 2023-24 च्या आर्थिक पाहणीने अन्नधान्य वगळून लक्ष्य ठेवण्याचा विचार करावा, असे सुचवले. त्यावरचा आक्षेप तितकाच वजनदार आहे: गरिबाची निम्मी कमाई जेवणावर जात असेल, तर जेवण वगळलेला आकडा त्याला कोण पटवून देणार? शिवाय भाजीचे भाव दीर्घकाळ चढे राहिले तर मजुरीची मागणी वाढते आणि ती झळ गाभ्यातही पोचते.

ऑक्टोबर 2025 मध्ये हा वाद उलट बाजूने समोर आला. भाज्या-डाळींचे भाव गडगडल्याने महागाई 0.25 टक्के नोंदली गेली, दोन टक्क्यांच्या खालच्या मर्यादेच्याही खूप खाली. त्याच महिन्यात गाभा महागाई चार टक्क्यांच्या वर होती. डिसेंबरमध्ये समितीने रेपो दर 5.25 टक्क्यांवर आणला.