बाटलीचे बाळ आणि जलसंजीवनीचे पाणी

"एक दिवस पाजलं, पण जुलाब काही थांबले नाहीत. मग सोडून दिलं." ओआरएसबद्दल वस्तीतल्या आयांकडून आम्ही हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे. यात आईची चूक नाही. ओआरएस जुलाब थांबवत नाही, शरीरातून गेलेले पाणी आणि क्षार परत भरते, हे तिला कोणी दाखवलेलेच नसते. आशाताईच्या चित्रांच्या पुस्तकात ग्लास, चमचा आणि हसरे बाळ असते. ते पाहून पाकीट हे जुलाबाचे औषध आहे असेच वाटते.

यावर एक जुना, उत्तम उपाय आहे. मेक्सिकोच्या डोंगराळ भागात गावच्या आरोग्य कार्यकर्त्यांसोबत काम करणाऱ्या डेव्हिड वर्नर यांनी बिल बोवर यांच्यासह 1982 साली 'हेल्पिंग हेल्थ वर्कर्स लर्न' हे पुस्तक काढले. पानोपानी चित्रे असलेल्या या पुस्तकात भोपळ्याचे बाळ आहे. पोकळ भोपळ्यावर तोंड रंगवायचे, वर टाळूसाठी आणि खाली शीसाठी भोक ठेवायचे. आपल्याकडे प्लास्टिकच्या बाटलीचे बाळ सहज होते.

बाटलीचा वरचा भाग कापा, तळाजवळ भोक पाडून त्यात काडीचे बूच बसवा. बाटली काठोकाठ भरून तोंडावर पातळ ओले फडके ठेवा. ही झाली टाळू. आता बूच काढा. पाणी वाहू लागते आणि फडके हळूहळू आत बसते. इथे ताईने बोलायचे नाही, "काय झालं?" एवढेच विचारायचे. "टाळू बसली," हे आईनेच म्हणायला हवे. मग दुसरा प्रश्न: "भोक बंद न करता बाळ भरलेलं कसं ठेवाल?" कोणीतरी तांब्या घेऊन वरून ओतू लागते. खालून गळतच असते, पण बाळ रिकामे होत नाही. जुलाब चालू असतानाही का पाजायचे, ते इथे कळते. यानंतर पुस्तकातले चित्र उघडावे, आधी नाही.

दुसरी अडचण मापाची, आणि ती जास्त धोक्याची आहे. चित्रातला जग किती लिटरचा, हे चित्र सांगत नाही. एका आईने एक लिटरचे पाकीट थोडे थोडे करून ग्लासात कालवलेले आम्ही पाहिले. तिचा हेतू काटकसरीचा होता, पण पाणी कमी पडले की मीठ जास्त होते आणि बाळाला ते बाधते. जास्त पाण्यात कालवले तर गुण येत नाही. म्हणून ताईने आईच्याच घरात, तिच्याच भांड्यात माप करून घ्यावे. विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली घ्यायची, ती पिण्याच्या पाण्याने भरून पातेल्यात ओतायची आणि पाणी जिथवर येते तिथे खूण करायची. पाकीट पूर्ण एकदाच ओतायचे. आधी त्यावरचे माप वाचा, कारण 200 मिलिलिटरची लहान पाकिटेही मिळतात. वरून साखर घालू नये. पाणी झाकून ठेवावे, 24 तासांनी उरलेले फेकून द्यावे.

समजा बाळ एक वर्षाचे आहे आणि दिवसात आठ जुलाब झाले. दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ जुलाबानंतर पाव ते अर्धा कप द्यायचे, म्हणजे 50 ते 100 मिलिलिटर. आठ वेळचे 400 ते 800 होतात. एक पाकीट दिवसभर पुरते. दोन वर्षांवरच्या मुलाला अर्धा ते एक कप. चमच्याने, घोटघोट पाजावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अंगावरचे दूध आणि जेवण चालूच राहील. सोबत झिंकची गोळी 14 दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, त्यापुढे पूर्ण 20 मिलिग्रॅमची. जुलाब थांबले तरी ती मध्येच सोडायची नाही.

बाळ मलूल पडले, पिईनासे झाले, शीत रक्त आले, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश खाली बसली, तर घरी वाट न पाहता दवाखाना गाठायचा. वाटेतही पाजत राहायचे.

उठण्यापूर्वी ताईने "कळलं का?" असे विचारू नये, कारण सगळ्याजणी "हो" म्हणतात. पुस्तक आईच्या हातात द्यावे आणि म्हणावे, "आता तुम्ही सासूबाईंना सांगा." माप सांगताना आई अडखळली, तर पातेले पुन्हा खाली काढायचे.