नैसर्गिक व संश्लेषित सुगंधी द्रव्ये

अत्तरे, साबण, उदबत्त्या, केशतेले व सौंदर्यप्रसाधने यांना सुवास देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पदार्थांना सुगंधी द्रव्ये म्हणतात. उगमानुसार त्यांचे नैसर्गिक व संश्लेषित असे दोन वर्ग केले जातात. नैसर्गिक द्रव्य संश्लेषित द्रव्यापेक्षा नेहमीच अधिक शुद्ध, अधिक निर्धोक व अधिक सुवासिक असते, असा समज सर्वत्र रूढ आहे. मात्र द्रव्याचा उगम आणि त्याचे गुणधर्म या दोन वेगळ्या बाबी आहेत. महाराष्ट्रातील रोशा गवताचे तेल आणि त्यातील जिरेनिऑल हा घटक यांच्या उदाहरणाने हा भेद स्पष्ट होतो.

## व्याख्या

वनस्पती अथवा प्राणी यांपासून ऊर्ध्वपातन, दाब किंवा विद्रावकाच्या साहाय्याने वेगळे केलेले द्रव्य नैसर्गिक मानले जाते. असे द्रव्य सहसा एकच पदार्थ नसून अनेक रासायनिक संयुगांचे मिश्रण असते. संश्लेषित द्रव्य कारखान्यात रासायनिक विक्रियांनी बनवितात व ते बहुधा एकच संयुग असते. निसर्गात आढळणारे संयुगच कारखान्यात बनविले असेल, तर त्याला निसर्गसम म्हणतात. कस्तुरीसारखा वास देणाऱ्या काही पदार्थांप्रमाणे जी संयुगे निसर्गात आढळतच नाहीत, तीही संश्लेषित वर्गातच मोडतात.

जिरेनिऑल (C₁₀H₁₈O) हे गुलाबासारखा गोडसर वास असलेले अल्कोहॉल आहे. १८७१ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ ऑस्कर याकोपसेन यांनी ते भारतीय गवती तेलातून प्रथम वेगळे केले. आज ते टर्पेंटाइनमधील पायनीनपासून किंवा खनिज तेलजन्य कच्च्या मालापासूनही तयार होते. गवतातून आलेला जिरेनिऑलचा रेणू व कारखान्यात घडलेला रेणू यांच्या रचनेत काहीही फरक नसतो. त्यामुळे नाकाला किंवा त्वचेला त्या दोन रेणूंत भेद करता येत नाही.

## रोशा गवत व त्याचे तेल

रोशा गवत (सिंबोपोगॉन मार्टिनाय) हे सातपुडा, मेळघाट व लगतच्या प्रदेशातील डोंगरउतारांवर वाढणारे बहुवर्षायू गवत आहे. संस्कृत वाङ्मयात त्याला रोहिष म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकात खानदेशातील नंदुरबार, शहादे व तळोदे या भागांत त्याच्या तेलाच्या भट्ट्या लागत. तेथील माल मुंबई बंदरातून परदेशी जात असे.

गवत फुलोऱ्यावर आले की त्यातील तेलाचे प्रमाण सर्वाधिक असते. कापलेले गवत थोडे सुकवून हंड्यात भरतात व पाण्याच्या वाफेबरोबर तेल बाहेर काढतात. वाफ थंड झाल्यावर तेल पाण्यावर तरंगते व वेगळे करता येते. १०० किलो ताज्या गवतापासून सुमारे अर्धा किलो तेल मिळते. जुन्या पद्धतीत हंडा थेट विस्तवावर ठेवीत. पाणी कमी पडून गवत तळाला लागले, तर सर्व तेलाला करपल्याचा वास येई. वाफ वेगळ्या बाष्पित्रात तयार करून गवतात सोडल्यास हा दोष टळतो.

या गवताचे ‘मोतिया’ व ‘सोफिया’ असे दोन प्रकार आहेत. दिसण्यात ते जवळजवळ सारखेच असून तेलात मात्र मोठा फरक असतो. मोतियाच्या तेलात जिरेनिऑल साधारणतः ७५ ते ९० टक्के असते व त्याचा वास गुलाबाकडे झुकणारा असतो. सोफियाच्या तेलात जिरेनिऑल कमी असून लिमोनीन व इतर संयुगे असल्याने त्याचा वास उग्र व हलक्या प्रतीचा मानला जातो. मोतिया कोरड्या, मोकळ्या उतारावर, तर सोफिया अधिक ओलसर जागी वाढतो. रानातून गवत कापताना दोन्ही एकत्र आले, तर तेल पूर्णपणे ‘नैसर्गिक’ असूनही त्याची प्रत घसरते.

## शुद्धता

मुंबईहून तांबड्या समुद्रातील बंदरांमार्गे तुर्कस्तानात गेलेले रोशा तेल ‘तुर्की जिरेनियम तेल’ या नावाने ओळखले जाई, जरी जिरेनियम वनस्पतीशी त्याचा संबंध नव्हता. तेथे ते लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्याबरोबर घुसळून उन्हात ठेवीत. त्यामुळे त्याचा उग्र दर्प कमी होई व रंग फिका पडे. असे ‘सुधारलेले’ तेल महागड्या गुलाबतेलात मिसळले जाई. कधी ते ऊर्ध्वपातनापूर्वीच गुलाबाच्या पाकळ्यांवर शिंपडीत, म्हणजे भेसळ भट्टीतूनच बाहेर पडे.

खऱ्या गुलाबतेलात मेणासारखे घटक असल्याने ते साधारण २० अंश सेल्सियसच्या आसपास गोठू लागते. रोशा तेल मिसळल्यावर ते उशिरा गोठे व भेसळ उघडी पडे. ती लपविण्यासाठी तिमिंगिलाच्या डोक्यातून मिळणारे स्पर्मासेटी हे मेण त्यात घालीत. यातील गुलाब, गवत व मेण हे सर्व पदार्थ नैसर्गिकच होते, तरी माल अशुद्ध होता. भेसळीसाठी संश्लेषित पदार्थांची गरज असतेच असे नाही, हे यावरून दिसते.

रोशा तेलातही रॉकेल, टर्पेंटाइन, खाद्यतेल किंवा सोफियाचे तेल मिसळण्याचे प्रकार होत आले आहेत. चांगले रोशा तेल आपल्या दोन-तीन पट आकारमानाच्या ७० टक्के अल्कोहॉलमध्ये स्वच्छ विरघळते. रॉकेल किंवा खाद्यतेल असल्यास द्रावण गढूळ होते. सोफियाचे तेल मात्र या कसोटीतून निसटू शकते. त्यासाठी ध्रुवित प्रकाशाचे प्रतल तेलामुळे किती वळते, हे मोजतात. मोतियाच्या तेलात हे वळण अल्प, तर सोफियाच्या तेलात ते बरेच अधिक असू शकते.

संश्लेषित जिरेनिऑलची भर ओळखणे सर्वांत अवघड असते. एकूण अल्कोहॉलांचे प्रमाण मोजणाऱ्या जुन्या कसोटीत अशा भेसळीने तेल उलट अधिक चांगले ठरते. वायुवर्णलेखनाने तेलातील शेकडो घटकांचे परस्परप्रमाण पाहिल्यास संशय येऊ शकतो. खनिज तेलापासून बनविलेल्या जिरेनिऑलमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ नसतो, त्यामुळे त्याच्या मापनावरून तो ओळखता येतो. परंतु टर्पेंटाइनपासून बनविलेल्या जिरेनिऑलमधील कार्बन पाइन वृक्षातून, म्हणजे अलीकडच्या हवेतूनच आलेला असल्याने ही कसोटीही तेथे अपुरी पडते.

## सुरक्षितता

जिरेनिऑलमुळे काही व्यक्तींच्या त्वचेवर अ‍ॅलर्जी उद्भवते. प्रथम संपर्कात शरीराची प्रतिकारयंत्रणा त्या संयुगाला ‘ओळखते’ व पुढील संपर्कात त्या जागी खाज, लाली व पुरळ येते. एकदा निर्माण झालेली ही संवेदनशीलता सहसा आयुष्यभर टिकते. त्वचारोगतज्ज्ञ तिचे निदान पॅच चाचणीने करतात. या चाचणीत पाठीवर चिकटविलेल्या पट्टीतील पदार्थ सुमारे दोन दिवस त्वचेच्या संपर्कात ठेवून पुढील काही दिवस प्रतिक्रिया तपासतात. यासाठी दीर्घकाळ वापरात असलेल्या ‘सुगंध-मिश्रण १’ मध्ये आठ घटक असतात. त्यांत जिरेनिऑल, लवंगेतील युजेनॉल व दालचिनीतील सिनॅमाल ही निसर्गात आढळणारी संयुगे आहेत, ओकमॉस या दगडफुलवर्गीय वनस्पतीचा पूर्णतः नैसर्गिक अर्क आहे, तसेच हायड्रॉक्सिसिट्रोनेलालसारखी संश्लेषित द्रव्येही आहेत.

धोका प्रमाणावरही अवलंबून असतो. समजा, एखाद्या घरगुती केशतेलात अर्धा टक्का रोशा तेल घातले व त्या रोशा तेलात ८० टक्के जिरेनिऑल आहे. मग केशतेलातील जिरेनिऑलचे प्रमाण ०.४ टक्के होते. युरोपीय संघाच्या नियमानुसार, त्वचेवर राहू द्यावयाच्या प्रसाधनात जिरेनिऑल ०.००१ टक्क्याहून अधिक असल्यास त्याचे नाव वेष्टनावर छापावे लागते. वरील केशतेलात ते या मर्यादेच्या ४०० पट आहे. ही मर्यादा केवळ माहिती देण्यासाठी आहे, वापरावरील बंदी नव्हे. तथापि जिरेनिऑल गवतातून आले की कारखान्यातून, असा भेद हा नियम करीत नाही.

साठवणुकीचाही परिणाम होतो. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन जिरेनिऑलपासून हायड्रोपेरॉक्साइडे व जिरेनिअल हे अल्डिहाइड तयार होतात. ही द्रव्ये मूळ संयुगापेक्षा अधिक अ‍ॅलर्जीकारक असतात. अर्धवट रिकामी व वारंवार उघडलेली बाटली त्यामुळे अधिक जोखमीची ठरते. तेल लहान, काठोकाठ भरलेल्या गडद रंगाच्या बाटलीत, थंड जागी ठेवल्यास ही क्रिया मंदावते. तिला नैसर्गिक व संश्लेषित दोन्ही प्रकारचे जिरेनिऑल सारखेच बळी पडते.

संश्लेषित द्रव्ये निर्धोकच असतात, असा याचा अर्थ नाही. मस्क अँब्रेट या कृत्रिम कस्तुरीद्रव्यामुळे सूर्यप्रकाशात त्वचेवर अ‍ॅलर्जी होत असल्याचे आढळल्याने त्याचा वापर बंद करावा लागला. लिरल हे संश्लेषित द्रव्य आणि ओकमॉसमधील अ‍ॅट्रानॉल व क्लोरोअ‍ॅट्रानॉल हे नैसर्गिक घटक यांवर युरोपीय संघाने एकाच नियमाद्वारे बंदी घातली. प्रक्रियेने अ‍ॅट्रानॉल काढून टाकलेला ओकमॉसचा अर्क मूळ अर्कापेक्षा कमी धोक्याचा असतो.

## सुवास

नैसर्गिक तेलाचा वास मूळ फुलाच्या वासाशी तंतोतंत जुळतोच असे नाही. गुलाबाच्या फुलातील फेनिल एथिल अल्कोहॉल हा प्रमुख सुवासिक घटक पाण्यात बऱ्याच अंशी विरघळतो. ऊर्ध्वपातन करताना तो गुलाबपाण्यात जातो व तेलात अगदी थोडा उरतो. विद्रावकाने काढलेल्या गुलाबार्कात मात्र तोच घटक निम्म्याहून अधिक असतो. दोन्ही द्रव्ये नैसर्गिक असून त्यांचे वास भिन्न आहेत, आणि भट्टीच्या तेलात संश्लेषित फेनिल एथिल अल्कोहॉल मिसळल्यास त्याचा वास ताज्या फुलाच्या अधिक जवळ जातो.

दुसऱ्या बाजूस, केवळ जिरेनिऑलचा वास गुलाबासारखा असला तरी एकसुरी असतो. गुलाबतेलात अत्यल्प प्रमाणात असणाऱ्या बीटा-डॅमॅसेनोनसारख्या घटकांचा त्याच्या सुवासात मोठा वाटा असतो. रोशा तेलाला गवताची, किंचित सुकलेल्या पानांची जी छटा असते, तीही जिरेनिऑलव्यतिरिक्तच्या घटकांमुळे येते. ही गुंतागुंत हा नैसर्गिक द्रव्यांचा विशेष गुण आहे, तर पाऊस, माती व कापणीची वेळ यांनुसार वास बदलणे ही त्यांची मर्यादा आहे. संश्लेषित द्रव्याचा वास प्रत्येक खेपेस सारखा ठेवता येतो. त्यामुळे बहुसंख्य आधुनिक सुगंधांत दोन्ही वर्गांतील द्रव्यांचे मिश्रण वापरतात.

## वेष्टनावरील माहिती

वेष्टनावरील ‘नैसर्गिक’ हा शब्द द्रव्याचा उगम सांगतो. त्यातील घटकांचे प्रमाण, भेसळ नसल्याची खात्री अथवा तेलाचे वय त्यावरून कळत नाही. ज्या व्यक्तीस जिरेनिऑलची अ‍ॅलर्जी असल्याचे निदान झाले आहे, तिने गुलाब, रोशा, सिट्रोनेला व जिरेनियम यांची तेलेही टाळणे आवश्यक असते. अशा व्यक्तीसाठी वनस्पतीचे नाव नसलेली, परंतु सर्व घटकांची यादी छापलेली बाटली अधिक उपयुक्त ठरते.