पदपथवासीयांचा निकाल : निर्णयाचे कारण आणि ओघातील उद्गार

विधी महाविद्यालयातील विद्यार्थ्यास मूल्यमापनासाठी एखाद्या निकालावर भाष्य लिहावयास सांगितले जाते, तेव्हा निकालपत्राचा गोषवारा त्याच्याकडून अपेक्षित नसतो. न्यायालयाने तो वाद कोणत्या कायदेशीर कारणावर मिटवला, आणि त्या कारणाभोवती ओघात केलेली विधाने कोणती, हे त्याने निवडून दाखवावयाचे असते. पहिल्यास रेशिओ डेसिडेंडी, म्हणजे निर्णयाचे कारण, असे नाव आहे. दुसऱ्यांस ऑबिटर डिक्टा, म्हणजे जाता जाता काढलेले उद्गार. व्याख्या पाठ करणे सोपे आहे. पण निर्णयाचे कारण येथे सुरू होते, अशी पाटी कोणत्याही निकालपत्रात लावलेली नसते.

हे काम किती नाजूक आहे, हे मुंबईच्या पदपथवासीयांच्या खटल्यावरून चांगले समजते. 13 जुलै 1981 रोजी तत्कालीन मुख्यमंत्री अ. र. अंतुले यांनी पदपथांवरील व झोपडपट्टीतील रहिवाशांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. ऐन पावसाळ्यात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. त्याविरुद्ध दाखल झालेल्या याचिकांपैकी एकीत पत्रकार ओल्गा टेलिस याचिकाकर्त्या होत्या. निकाल त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पाच न्यायमूर्तींच्या पीठाने 10 जुलै 1985 रोजी तो एकमताने दिला, आणि निकालपत्र सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिले.

उपजीविकेचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद 21 मधील जीविताच्या हक्कातच अंतर्भूत आहे, हे त्यातील विधान सर्वांच्या लक्षात राहिले आहे. बहुतेक विद्यार्थी भाष्याचा आरंभ तेथूनच करतात आणि तेच निर्णयाचे कारण म्हणून नोंदवतात. मग शेवटचा आदेश वाचला की ते गोंधळतात. कारण पदपथवासी हा खटला जिंकले नव्हते. पदपथावर अतिक्रमण करण्याचा हक्क कोणालाही नाही, आणि अशी अतिक्रमणे पूर्वसूचनेविना हटविण्याचा अधिकार आयुक्तांना देणारे मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम 314 वैध आहे, असे न्यायालयाने ठरविले. केवळ पावसाळ्याचा विचार करून 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत झोपड्या हलवू नयेत, एवढी मुदत दिली. मग ते गाजलेले विधान ओघातील उद्गारच ठरते काय?

येथे अमेरिकेतील विधिपंडित यूजीन वॉम्बॉ यांची एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली कसोटी उपयोगी पडते. विधान उलटे करून पाहावे; तरीही निकाल तोच येत असेल, तर ते विधान निर्णयाचे कारण नव्हे. आता ही कसोटी लावू. उपजीविका जीविताच्या हक्कात येत नाही, असे समजा. तरीही कलम 314 वैधच राहिले असते. म्हणजे ते विधान उद्गार ठरले! घाईचा विद्यार्थी येथेच लेखणी खाली ठेवतो.

परंतु न्यायालयाने कलम वैध ठरविले ते कोणत्या अर्थाने, हे पाहिले पाहिजे. पूर्वसूचना न देता हटविण्याची ती मुभा आहे, सक्ती नव्हे. आयुक्तांनी सामान्यतः संबंधितांचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे, आणि सूचनेविना कारवाई हा अपवाद मानला पाहिजे, असा त्याचा अर्थ लावूनच न्यायालयाने ते टिकवून धरले. हा अर्थ लावण्याची गरज का पडली? जीविताचा हक्क हिरावणारी कार्यपद्धती न्याय्य व वाजवी असावी लागते म्हणून. आणि येथे जीविताचा हक्क आला कोठून? निवारा गेला की त्यालगतचे काम जाते आणि काम गेले की जगणे जाते, हे मान्य केल्यामुळे. साखळीतील ही पहिली कडी काढली, तर कलमाचा तो अर्थ निराधार होतो. म्हणून उपजीविकेचे विधान निर्णयाच्या कारणाचा भाग आहे, असे माझे मत आहे. मात्र ते एकटे नव्हे, तर कलमाच्या अर्थाशी बांधलेले. कसोटीचे उत्तर बदलले, कारण निकाल म्हणजे काय हे आपण आधी अपुरे सांगितले होते. भाष्यकाराने प्रथम आदेश आणि त्यामागील निष्कर्ष स्वतःच्या शब्दांत पुरता लिहून काढावा आणि मगच विधाने उलटी करून पाहावीत, ते यासाठी.

याउलट, पदपथवासीयांना पर्यायी जागा मिळण्याचा हक्क आहे असे न्यायालयाने ठरविले, हे वाक्य उत्तरपत्रिकांत नेहमी आढळते आणि ते चूक आहे. 1976 च्या गणनेत ओळखपत्र मिळालेल्यांना पर्यायी जागा द्याव्यात, असे न्यायालयाने म्हटले खरे. पण त्याचा आधार राज्य शासनाने दिलेली आश्वासने हा होता, आणि जागा देणे ही हटविण्याची पूर्वअट नाही, हेही त्याच दमात सांगितले होते. हा भाग पक्षकारांपुरता आदेश आहे, सर्वांना लागू होणारा नियम नव्हे. पोटासाठी शहराकडे येणाऱ्या माणसांविषयीची निकालपत्रातील पाने तर पार्श्वभूमीच आहेत. ती मनाला भिडतात, म्हणूनच फसवतात.

उद्गार म्हणजे टाकाऊ, असे मात्र समजू नये. सर्वोच्च न्यायालयाने एखाद्या मुद्द्यावर युक्तिवाद ऐकून विचारपूर्वक मत दिले असेल, तर ते निर्णयास आवश्यक नसले तरी मानावे. सहज काढलेल्या उद्गारांना ते स्थान नाही, असा भेद मुंबई उच्च न्यायालयाने मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या काळात मोहनदास इसरदास प्रकरणात केला होता. भाष्यात एखादे विधान उद्गार ठरविले, तर तो यांपैकी कोणत्या प्रकारचा, हेही लिहावे.

निर्णयाचे कारण सापडले तरी ते किती व्यापक शब्दांत मांडावे, हा प्रश्न उरतोच. समजा, भिलाईच्या वैशाली नगरात रस्त्याकडेची एखादी झोपडी महानगरपालिकेला हटवावयाची आहे. तेथे मुंबईचे कलम 314 लागू नाही. छत्तीसगड महानगरपालिका अधिनियम, 1956 लागू आहे. कारण जर 'कलम 314 खाली सुनावणी द्यावी' एवढेच मांडले, तर ते मुंबईबाहेर पडत नाही. 'ज्याच्या निवाऱ्यावर उपजीविका अवलंबून आहे त्यास हटविताना, कायद्यात स्पष्ट मनाई नसल्यास, म्हणणे मांडण्याची संधी द्यावी' असे मांडले, तर ते वैशाली नगरात पोहोचते. दुसरी मांडणी मला अधिक योग्य वाटते, कारण युक्तिवादाचा आधार संविधान होता, मुंबईचे कलम हे त्याचे निमित्त. पण तीही ताणता येत नाही. झोपडीऐवजी तेथे फेरीवाल्याची गाडी असेल, तर 1989 चा सोदान सिंग निकाल आडवा येतो. दिल्लीच्या फेरीवाल्यांच्या त्या खटल्यात पाच न्यायमूर्तींच्या पीठाने पदपथावरील व्यापारास अनुच्छेद 19 चे संरक्षण मान्य केले, परंतु अनुच्छेद 21 तेथे लागू नाही असे म्हटले. निर्णयाच्या कारणाची हद्द अशी पुढील पीठे आखतात. म्हणून भाष्यकाराने नंतरचे निकाल पाहिल्यावाचून ती आखू नये.

परीक्षक गुण देतो ते बहुधा यानंतरच्या टीकेला, आणि ती करण्यास या निकालात एक ठळक जागा आहे. सुनावणी नाकारणे हीच मुळात हानी असते, म्हणणे ऐकून काही फरक पडला नसता असे म्हणून ती टाळता येत नाही, ही भूमिका न्यायालयाने घेतली. पण प्रकरण आयुक्तांकडे परत पाठविले नाही. आमच्यापुढे सर्व बाजू मांडल्या गेल्या, तीच सुनावणी पुरे, असे ठरविले. दिल्लीतील न्यायालयकक्षात वकिलांनी केलेला युक्तिवाद आणि आपली झोपडी कोठे, केव्हापासून व का आहे हे त्या माणसाने आयुक्तांना स्वतः सांगणे, या दोन गोष्टी एकच आहेत काय? भाष्यकाराने उत्तर कोणतेही द्यावे. मात्र ते देताना, सुनावणीचा नियम हे निर्णयाचे कारण आणि त्या दिवशी सुनावणी न देणे ही त्या नियमाची प्रस्तुत वस्तुस्थितीवरील अंमलबजावणी, ही फोड त्याने करावी. ती न केल्यास ओल्गा टेलिस निकालाने सुनावणी अनावश्यक ठरविली, असा नेमका उलटा अर्थ त्याच्या हातून लिहिला जाईल.