गुलाबदाणी, तुरटी आणि अत्तर
(लेखमाला : रोजच्या वापरातलं रसायन – भाग ७)

रायपूरच्या पुरानी बस्तीत, टुरी हटरीपासून दोन गल्ल्या आत माझ्या बहिणीचं घर आहे. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात मी तिथे होते. पावसाचा पत्ता नव्हता, हवा मात्र दमट झालेली. शाळा उघडून चारच दिवस झाले होते. नववीतल्या भाचीने माझ्यासमोर तीन बाटल्या मांडल्या. एक बॉडी मिस्ट, तिने साठवलेल्या पैशांतून गोलबाजारातून आणलेली. दुसरा डिओ स्प्रेचा डबा, तिच्या दादाचा. तिसरी परफ्यूमची जड काचेची बाटली, काकांनी परदेशातून आणलेली आणि आईने आजवर कुलपात ठेवलेली.

“मावशी, यातलं शाळेत काय लावू? वर्गात कुणी माझ्यापासून सरकून बसलं तर मला रडूच येईल.”

तिला सुगंध हवा होता, पण त्याहून अधिक भीती घामाच्या वासाची होती. या दोन वेगळ्या गरजा आहेत आणि बाटली निवडताना गोंधळ होतो तो इथेच.

आपल्याकडे हा फरक घरातच दिसायचा. लग्नात दारात गुलाबदाणीतून गुलाबपाणी शिंपडत, पानसुपारीबरोबर मनगटाच्या मागे अत्तराचं बोट फिरवत, आणि घाम येणारा माणूस आंघोळीनंतर ओल्या काखेत तुरटीचा खडा फिरवी. गुलाबपाणी क्षणभर प्रसन्न करी, अत्तर दिवसभर रेंगाळे, तुरटीला तर वासच नसे. गुलाबपाण्याने काखेचा वास जाईल, अशी अपेक्षा कुणी करत नसे. आज तिन्ही कामांच्या बाटल्या एकाच फळीवर सारख्या रंगीत वेष्टनांत उभ्या असतात, म्हणून त्यांची कामंही सारखीच वाटतात.

आधी घामाचं पाहू. अंगभर पसरलेल्या घामग्रंथी पाणी आणि मीठ सोडतात, शरीर थंड ठेवणं हे त्यांचं काम. काखेत आणि जांघेत दुसऱ्या प्रकारच्या ग्रंथी असतात. त्या लहानपणी निजलेल्या असतात आणि वयात येताना जाग्या होतात. त्यांच्या स्रावात स्निग्ध पदार्थ आणि प्रथिनं असतात. हा स्राव ताजा असताना त्याला जवळजवळ वास नसतो. काखेतल्या त्वचेवर राहणारे जिवाणू त्यावर जगतात. ते तो फोडतात, तेव्हा तीव्र वासाची आम्लं आणि गंधकयुक्त संयुगं सुटतात, आणि आपण ज्याला घामाचा वास म्हणतो तो हा. म्हणूनच तिसरीतलं पोर दिवसभर मैदानात लोळून आलं तरी त्याच्या काखेला तो वास नसतो, आणि नववीतल्या मुलीला अचानक आपलंच अंग परकं वाटू लागतं. भाचीला हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे मी घाण नाहीये ना?” नाही. तिच्या ग्रंथी वेळेवर कामाला लागल्या, एवढंच झालं आहे.

आता बाटल्यांकडे येऊ. बॉडी मिस्ट म्हणजे मुख्यतः पाणी आणि अल्कोहोल, त्यात साधारण 1 ते 3 टक्के सुगंधी तेल. खरा परफ्यूम म्हणजे अल्कोहोलात विरघळवलेलं बरंच जास्त तेल. बाटलीवर ‘ओ द तॉयलेत’ असेल तर सुमारे 5 ते 15 टक्के, ‘ओ द पार्फां’ असेल तर 15 ते 20 टक्के, आणि नुसतं ‘पार्फां’ असेल तर त्याहून अधिक. एका दाबाला साधारण 0.1 मिलिलिटर द्रव सुटतो असं धरलं, तर 2 टक्क्यांच्या मिस्टचे दहा दाब मिळून जेवढं तेल अंगावर येतं, तेवढं 20 टक्क्यांच्या परफ्यूमच्या एकाच दाबात येतं. किंमतही याच हिशेबाने पाहावी. 150 मिलिलिटरच्या मिस्टमध्ये 3 मिलिलिटर सुगंध आणि 50 मिलिलिटरच्या परफ्यूममध्ये 10 मिलिलिटर. मोठी बाटली म्हणजे जास्त सुगंध असं नाही.

डिओचं काम वेगळं, निदान वेगळं असायला हवं. डिओडरंटने जिवाणूंची वाढ रोखायची असते. अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामाच्या छिद्रांच्या तोंडाशी तात्पुरती बुचं बसवतात, त्यामुळे घामच कमी येतो. दादाचा डबा मी उलटा करून वाचला. घटकांच्या यादीत अल्कोहोल, ब्युटेन, प्रोपेन आणि सुगंध, बस्स. ब्युटेन-प्रोपेन म्हणजे स्वयंपाकाच्या सिलिंडरमधलेच वायू, डब्यातून फवारा ढकलण्यासाठी भरलेले. अल्कोहोल लावल्याक्षणी काही जिवाणू मारतं खरं, पण ते उडून गेलं की मागे राखण करायला कुणी उरत नाही. आपल्या बाजारातले कित्येक डिओ हे असे गॅसवर चालणारे पातळ परफ्यूम आहेत. डब्यावर ‘परफ्यूम्ड बॉडी स्प्रे’ असं लिहिलेलं असलं तर ते प्रामाणिकपणे तेच सांगत असतं. यादीत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार, तुरटी किंवा ट्रायइथाइल सिट्रेट यांपैकी काही दिसलं, तर तो काखेसाठी बनवला आहे असं समजावं. अ‍ॅल्युमिनियमने कर्करोग होतो ही भीती आया नेहमी बोलून दाखवतात. तसा संबंध अभ्यासांतून सिद्ध झालेला नाही. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

एवढं सांगूनही भाचीची खात्री पटेना, म्हणून आम्ही तीन दिवसांचा प्रयोग केला. सकाळी सातला घर सोडायचं, दुपारी दोनला परत यायचं, मध्ये एक तास खेळाचा. तिने वहीत वेळा लिहायच्या.

सोमवारी काखेत आणि गळ्यावर मिस्टचे सहा दाब. दुसऱ्या तासापर्यंत सुगंध संपला, खेळाच्या तासानंतर नुसता घाम. मिस्टमधली लिंबूवर्गीय आणि फळांची तेलं लहान, हलक्या रेणूंची असतात. ती उष्णतेने भराभर उडतात, आणि रायपूरच्या जूनमध्ये ती तासभर टिकली तरी पुष्कळ.

मंगळवारी आईच्या परवानगीने काकांच्या परफ्यूमचे तीन दाब, त्यातले दोन काखेत. आदल्या रात्रीच काखेतले केस काढले होते, त्यामुळे अल्कोहोल लागताच आग झाली. तिसऱ्या तासाला शेजारच्या मुलीने डोकं दुखतंय म्हणून खिडकीजवळची जागा मागून घेतली. खुद्द भाचीला मात्र शाळेत पोहोचेपर्यंत वास येईनासा झाला होता. एकच वास सतत आला की नाक त्याची दखल घेणं सोडतं. म्हणून लोक ‘उडाला’ समजून पुन्हा फवारतात आणि आजूबाजूच्यांचा जीव घुसमटतो. दुपारी दोनला तिच्या गणवेशाला कस्तुरीसारखा जड वास आणि घाम यांचं मिश्रण येत होतं, जे नुसत्या घामाहून वाईट होतं. परफ्यूमच्या तळाशी असतात ते जड रेणू, चंदन, व्हॅनिला, कस्तुरीच्या जातीचे. ते दिवसभर राहतात आणि घामाच्या वासाला झाकण्याऐवजी त्याच्यात मिसळतात.

बुधवारी मिस्ट नाही, परफ्यूम नाही. आंघोळीत काखा साबणाने नीट धुतल्या, कोरड्या पुसल्या, पूर्ण वाळल्यावर बिनगॅसचं रोल-ऑन डिओडरंट लावून दोन मिनिटं थांबली आणि मग गणवेश घातला. आत पॉलिस्टरऐवजी सुती बनियन घातलं, कारण पॉलिस्टरचे धागे स्निग्ध घाम धरून ठेवतात आणि तो वास धुऊनही पूर्ण जात नाही. दोन वाजता दारातच तिने हात वर करून आईला काख हुंगायला लावली. आई म्हणाली, “काही नाही ग.” वहीतली त्या दिवसाची नोंद दोनच शब्दांची होती : वास नाही.

तेव्हा माझं उत्तर असं आहे. नुकतीच सुरुवात करणाऱ्या मुलीला किंवा मुलाला पहिल्यांदा घेऊन द्यायचं ते काखेचं डिओडरंट, शक्यतो मंद वासाचं रोल-ऑन. पैशांची चणचण असेल तर तुरटीचा खडा. ओल्या काखेत तो चारपाच वेळा फिरवावा आणि वाळू द्यावा. घाम फारच येत असेल तर अँटिपर्स्पिरंट, तेही रात्री झोपताना. तेव्हा घाम कमी असतो आणि क्षार छिद्रांत बसतात. कपडे भिजून ओघळ येण्याइतका घाम असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं, दुकानात आणखी बाटल्या शोधू नयेत.

मिस्ट ही सुगंधाची हौस भागवायला उत्तम, आणि या वयात ती हौस असावीच. चूक झाली तरी मिस्ट फार तापदायक होत नाही, तासाभरात उडून जाते. डिओडरंट काखेत लावावं आणि मिस्ट कपड्यांवर, हातभर अंतरावरून दोन दाब. सुगंध जास्त टिकावा असं वाटलं तर त्वचेवर आधी खोबरेल तेलाचा थेंब चोळावा, कोरड्या त्वचेवर सुगंध लवकर उडतो. नवी बाटली आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी. खाज किंवा लालसरपणा आला तर ती परत ठेवून द्यावी. उन्हात सायकलवर जाणाऱ्या मुलींनी मानेवर काही फवारू नये. बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांतला एक घटक ऊन लागल्यावर त्वचेवर काळपट डाग उमटवू शकतो. चांगले उत्पादक तो काढून टाकतात, स्वस्त बाटलीचा मात्र भरवसा नसतो.

गॅसचा डबा वापरायचाच असेल तर बंद न्हाणीघरात फवारू नये, आणि देवघरातल्या समईजवळ किंवा शेगडीजवळ तर कधीच नाही. एक वीत अंतर ठेवावं. अगदी जवळून एकाच जागी फवारा सोडला तर गॅसच्या गारठ्याने त्वचा पोळते.

परफ्यूम मी भाचीला नाकारला नाही, शाळेपुरता बाजूला ठेवला. गणपतीला किंवा लग्नाला एक दाब, तोही मनगटावर, आणि मनगटं एकमेकांवर न घासता. आजोबा कानात अत्तराचा फाया ठेवत, हे तिला आठवत होतं. अत्तरात अल्कोहोल नसतं, ते तेलातच मुरलेलं असतं, म्हणून ते पसरत नाही, जवळ आलेल्यालाच जाणवतं. तिला ते आवडलं. आता तिच्याकडे खसाच्या अत्तराची इवलीशी कुपी आहे आणि सणाच्या दिवशी रुमालाच्या कोपऱ्याला त्याचा एक ठिपका लागतो.

काकांची बाटली आईने पुन्हा कपाटात, साड्यांच्या मागे ठेवली आहे. ऊन आणि उकाडा लागला की परफ्यूम गडद होतो आणि उघडताच आंबूस वास येतो. रायपूरच्या मे महिन्यात खिडकीत ठेवलेली बाटली पुढच्या दिवाळीपर्यंत चांगली राहीलच, असं सांगता येत नाही.